कंपनी रजिस्टर व्हायच्या आधीच सह्या केल्यात? मग या चुका टाळा

मागच्या वर्षी दोघे मित्र माझ्याकडे फाइल घेऊन आले होते. त्यांनी भोसरीत गाळा घेतलेला, ३६ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, १८ महिन्यांचा लॉक-इन म्हणजे तोवर गाळा सोडता येणार नाही, भाडं ६० हजार, डिपॉझिट ३ लाख. कंपनी तेव्हा रजिस्टर व्हायची होती म्हणून सहीच्या वर लिहिलं होतं, 'नियोजित अमुक प्रायव्हेट लिमिटेडकरिता'. तीन आठवड्यांनी कंपनी झाली, भाडं कंपनीच्या खात्यातून जायला लागलं, पण पाचव्या महिन्यात मोठी ऑर्डर हातची गेली आणि त्यांनी गाळा सोडला. मालकाची नोटीस आली ती दोघांच्या घरच्या पत्त्यावर. लॉक-इनचे उरलेले १३ महिने गुणिले ६० हजार म्हणजे ७ लाख ८० हजार, त्यातून डिपॉझिट वजा, बाकी ४ लाख ८० हजार. "अहो पण कंपनी लिमिटेड आहे ना, आमच्या खिशातून का?" असं ते परत परत विचारत होते.

पहिली चूक, 'नियोजित कंपनीकरिता' लिहिलं की आपण सुटलो असं समजणं. एजंट असायला ज्याच्या वतीने तो सही करतो तो आधी असावा लागतो आणि सहीच्या दिवशी कंपनी अस्तित्वातच नव्हती, मग सही कुणाची झाली? सही करणाऱ्याचीच. इंग्लंडमध्ये १८६६ साली केल्नर विरुद्ध बॅक्स्टर केसमध्ये हेच झालं. होऊ घातलेल्या हॉटेल कंपनीसाठी ती उभी करणाऱ्यांनी, म्हणजे प्रमोटर्सनी, ९०० पौंडांची वाइन घेतली, ती संपलीसुद्धा, मग कंपनी बुडाली आणि पैसे प्रमोटर्सना स्वतः भरावे लागले. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २३० तेच सांगतं, ज्याच्या वतीने सही केली त्याच्यावर दावा करता येत नसेल तर एजंट स्वतः बांधला गेला असं गृहीत धरतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर.

दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ती चूक वाटतच नाही. कंपनी झाली, बोर्डाने ठराव केला, 'आधीचा करार मान्य', विषय संपला असं लोक धरतात. पण जो करार झाला तेव्हा कंपनी नव्हतीच, तो ती मागच्या तारखेने मंजूर करू शकत नाही. यावर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ ने एक वाट दिली आहे. कंपनीच्या कामासाठी केलेला आणि तिची उद्दिष्टं लिहिलेल्या मेमोरँडममध्ये बसणारा करार कंपनीने स्वीकारला आणि तसं समोरच्याला कळवलं, तर कलम १५ खाली कंपनी आणि कलम १९ खाली समोरचा माणूस कराराची अंमलबजावणी मागू शकतो. 'कळवलं' हा शब्द नीट बघा, ठराव मिनिट बुकात पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही. आणि इथेच लोक फसतात, कंपनी बांधली गेली म्हणून प्रमोटर आपोआप मोकळा होत नाही. त्याला सोडायला समोरच्याची संमती लागते, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ६२ चं नोव्हेशन, जुन्या कराराच्या जागी नवा करार.

त्या दोघांच्या फाइलमध्ये ठराव होता, पाच महिन्यांच्या भाड्याच्या बँक एन्ट्र्या होत्या, पण 'आता लायसन्सी कंपनी, तुम्ही दोघे मोकळे' असं मालकाने सही केलेलं एक ओळीचंही पत्र नव्हतं. मालकाने गाळा लवकर दुसऱ्याला दिला असेल तर नुकसानभरपाई कमी होईल, एवढाच मुद्दा आमच्या हातात राहिला.

तिसरी चूक म्हणजे कंपनी नसताना तिच्याच नावाचा शिक्का मारून सही करणं. न्यूबोर्न विरुद्ध सेन्सोलिड या इंग्लिश केसमध्ये डबाबंद हॅमचा सौदा असाच झाला होता, मार्केट पडल्यावर खरेदीदाराने माल नाकारला आणि कोर्ट म्हणालं की करारच नाही, त्यामुळे विकणाऱ्याला काहीच मागता आलं नाही. त्यात आपल्याकडे ठरवलेलं नाव नामंजूर होऊन दुसरंच मिळालं, तर शिक्क्यावर एक नाव आणि सर्टिफिकेटवर दुसरं.

सह्या झाल्याच असतील तर आधी दोन तारखा शेजारी ठेवून बघा, करारावरची आणि इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवरची. करार आधीचा असेल तर पहिल्या बोर्ड मीटिंगमध्येच स्वीकृतीचा ठराव करा (ती तशीही ३० दिवसांत घ्यावी लागते), समोरच्याला लेखी कळवून पोच घ्या आणि मग कंपनी, समोरचा आणि प्रमोटर अशा तिघांच्या सह्यांचा करार करा, त्यात 'प्रमोटरची वैयक्तिक जबाबदारी या तारखेपासून संपली' हे वाक्य पाहिजेच. गाळा, ऑफिस असेल तर जुनं लायसन्स रद्द करून कंपनीच्या नावाने नवीन रजिस्टर करणं सगळ्यात स्वच्छ, खर्च दुसऱ्यांदा होतो पण ४ लाख ८० हजारांपुढे तो काहीच नाही. हे सगळं संबंध चांगले असतानाच उरकून घ्या, भाडं थकल्यावर कुठलाही मालक तुम्हाला मोकळं करणारी सही देणार नाही.

अजून सही व्हायची असेल तर दोन क्लॉज आधीच टाकून घ्या, कंपनी झाल्यावर तिने नवा करार सही केला की प्रमोटर मोकळे, आणि अमुक तारखेपर्यंत कंपनी झालीच नाही तर करार रद्द आणि डिपॉझिट परत. समोरचा याला नाही म्हणाला तर सर्टिफिकेट हातात येईपर्यंत थांबा, फारच घाई असेल तर टोकन देऊन गाळा फक्त धरून ठेवा.