डॉलरची बिलं कव्हर केली, तरी नफा का आटतो? या चुका टाळा

कोल्हापूरचा एक फाउंड्रीवाला धरा. तो दरमहा 2 लाख डॉलरचं कास्टिंग अमेरिकेला पाठवतो, उधारी 90 दिवसांची. भंगार, वीज, पगार हा सगळा खर्च रुपयात, विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे 40 रुपये. 2007 च्या सुरुवातीला डॉलर 44 च्या आसपास होता, म्हणजे महिन्याला 8 लाख सुटत.

येणं असलेल्या 6 लाख डॉलरचं त्याने बँकेत फॉरवर्ड केलं, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या दराने विकण्याचा करार केला, आणि तो निर्धास्त झाला. पहिली चूक इथेच होते. फॉरवर्डने फक्त फाडलेली बिलं सुरक्षित झाली. वर्षाअखेर डॉलर 39.50 च्या आत आला. 39.50 धरला तरी नव्या प्रत्येक बिलावर डॉलरमागे आठ आणे तोटा, महिन्याला 8 लाख नफ्याच्या जागी 1 लाख नुकसान. ओळखायची खूण अशी: खतावणीत विनिमय फरकाचं खातं जवळपास शून्य दिसतं, पण दर तिमाहीला मार्जिन घसरत जातं. बिलांची जोखीम झाकलेली असते, धंद्याची उघडीच राहते.

हे उमगल्यावर होणारी दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अंदाजित विक्रीचे डॉलर आजच विकून टाकायचे. 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यावर ऑर्डरी आटल्या आणि नोव्हेंबरात डॉलर 50 वर गेला. 40 ने विकलेले डॉलर हातात नसतील, तर ते 50 ने घेऊन करार मिटवावा लागतो. एक लाख डॉलरवर 10 लाखांचा फटका. बिल पक्कं असतं, अंदाज नसतो. म्हणून वर्षभरापर्यंतच कव्हर घ्या, तेही उतरत्या प्रमाणात: जवळच्या तिमाहीचं तीन चतुर्थांश, लांबच्या तिमाहीचं पाव. त्यातून गिऱ्हाइकाशी नवा भाव बोलायला वेळ मिळतो, कायमचं संरक्षण मिळत नाही.

धंद्याच्या जोखमीवरचा खरा इलाज खर्चाच्या बाजूला आहे: काही खर्चच डॉलरमध्ये न्यायचा. मशिनरीचं कर्ज डॉलरमध्ये घेतलं आणि हप्ता 40 हजार डॉलरचा असेल, तर डॉलर साडेचार रुपयांनी पडल्यावर हप्ता 1 लाख 80 हजारांनी हलका होतो. पण विक्रीतली घट 9 लाखांची आहे, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा भरून निघाला. उरलेल्यासाठी नव्या करारात दराचा पट्टा लिहून घ्या: डॉलर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भाव पुन्हा ठरेल. कर्ज मात्र जेवढी निर्यात खात्रीने होतेच तेवढ्यापुरतंच घ्या, कारण ऑर्डर गेली तरी हप्ता जात नाही.

आकडेमोड करताना एक पाहा: तुमच्या भंगाराचा रुपयातला भाव आयात भावामागे धावतो का? धावत असेल, तर डॉलर पडल्यावर तोही थोडा उतरतो आणि जोखीम कागदावर दिसते त्याहून कमी असते. मागच्या तीन वर्षांच्या खरेदी बिलांवरून हे कळतं.