बाकाला व्हाइस बसवताना मी कुठं चुकलो

वखराची पास व्हाइसमध्ये धरून घण मारला आणि व्हाइसच पुढं झुकला. मागचे दोन, लाकडात पिळलेले स्क्रू फळीचा भुसा घेऊनच वर आले. तरी बरं, पायावर नाही पडला.

खाली वाकून पाहिलं. पुढच्या दोन बोल्टचे वायसर लाकडात पार रुतले होते. नट मी दर महिन्याला आवळत होतो, म्हणजे लाकूडच दाबत होतो. आमच्याकडं पावसाळ्यात फळी फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, म्हणून नट परत ढिला.

मग व्हाइस बाकाच्या पायाजवळ सरकवला. मधोमध ठेवला की फळी ठोक्यागणिक उसळते. व्हाइसचा मागचा, न हलणारा जबडा फळीच्या कडेपेक्षा जरासा बाहेर ठेवला, म्हणजे लांब पट्टी उभी धरली तरी कडेला अडत नाही. व्हाइसच्याच भोकांतून खुणा करून फळीला आरपार भोकं पाडली. वेल्डिंगवाल्याकडून 6 मिमीच्या भंगार पट्टीचे दोन तुकडे आणले. त्यांना फळीखाली शिकंजानं आवळून वरूनच ड्रिल घातला, त्यामुळं भोकं तंतोतंत जुळली. बोल्ट 12 मिमीचे, खाली आत नायलॉनची कडी असलेले नट. चारही थोडे थोडे, तिरप्या जोडीनं आवळले. एकच कोपरा आधी कचकून आवळला तर व्हाइसचा बिडाचा पाय तडकू शकतो.

आठवड्यानं पाना लावला, जेमतेम पाव फेरा फिरला. पट्टी लाकडात रुतलेली नाही.