निबंधावर अभिप्राय देणारा बॉट: नेमकं कोणत्या वाक्यावर बोट ठेवायचं?

शिक्षकांची रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांची यादी, आणि विद्यार्थ्याचा निबंध भाषिक मॉडेलला एकत्र दिला, की लगेच व्यवस्थित दिसणारा अभिप्राय मिळतो. ‘मुद्दे चांगले आहेत, पण पुराव्याची जोड हवी.’ हे वाक्य जवळपास कुठल्याही निबंधाखाली खपून जाईल, आणि नेमकी तीच अडचण आहे. विद्यार्थ्याला पुढच्या खर्ड्यात काय बदलायचं ते यातून कळत नाही. भाषाशिक्षकांबरोबर असा बॉट तयार करताना माझा बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला: शेरा कोणत्या वाक्याबद्दल आहे, आणि तो खरंच त्याच वाक्याबद्दल आहे हे कसं तपासायचं? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तेवढंच लिहितो आहे.

सुरुवात रुब्रिकपासून करा. ‘मुद्द्यांना योग्य पुरावा दिला आहे: ४ गुण’ ही ओळ शिक्षकाला पुरते, कारण ‘योग्य’ म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. मॉडेलच्या हाती ती तशीच दिली तर ते स्वतःचा अर्थ लावतं. म्हणून शिक्षकांसोबत बसून त्या ओळीचे असे प्रश्न करा, ज्यांचं उत्तर वाक्य दाखवून देता येईल. दावा कोणत्या वाक्यात आहे? त्याला आधार देणारं वाक्य कोणतं? त्या आधारावरून दावा कसा सिद्ध होतो, हे सांगणारं वाक्य आहे का? या बैठकीत शिक्षक स्वतःहून बरंच काही सांगतात. कागदावर कधीच न आलेले नियम तिथेच हाती लागतात, म्हणून ती घाईत उरकू नका.

मग निबंधाची वाक्यं तोडून त्यांना क्रमांक द्यायचे. शाळेत मोबाइल असावा का, या विषयावरचा एक उतारा घेऊ.

[५] मोबाइलमुळे मुलांचं अभ्यासातलं लक्ष उडतं. [६] आजकाल सगळीकडे हेच दिसतं. [७] आमच्या वर्गात गटकार्य सुरू असताना एक मुलगा सतत मेसेज बघत होता. [८] म्हणून शाळेत मोबाइलवर बंदी हवी.

नुसतं ‘पुराव्याच्या निकषावर अभिप्राय दे’ म्हटलं, तर शेरा बहुधा वाक्य ५ वर येऊन बसतो: ‘या दाव्याला पुरावा नाही.’ अनुभवी शिक्षक तसं म्हणणार नाही. वाक्य ५ दावा म्हणून ठीक आहे. घोटाळा वाक्य ६ मध्ये आहे, कारण ते पुराव्याचा आव आणून दावाच पुन्हा सांगतं. वाक्य ७ मध्ये खरं उदाहरण आहे, पण एका मुलावरून थेट सगळ्या शाळेवर बंदी कशी, ते कुठेच सांगितलेलं नाही. म्हणजे इथे दोन शेरे हवेत, आणि ते दोन वेगळ्या जातीचे आहेत. पहिला लिहिलेल्या वाक्यावर आहे. दुसरा न लिहिलेल्या गोष्टीवर आहे, त्याची जागा ७ आणि ८ यांच्या मधली. ही दुसरी जात सुरुवातीलाच रचनेत धरा. नाहीतर ‘काहीतरी राहिलंय’ असं सांगणारा प्रत्येक शेरा बिचाऱ्या जवळच्या वाक्याला चिकटतो आणि विद्यार्थी चांगलं वाक्य खोडून टाकतो.

मॉडेलकडून उत्तर या साच्यात मागायचं:

```json
{"criterion": "evidence", "place": "after",
 "sentence": 7,
 "quote": "एक मुलगा सतत मेसेज बघत होता",
 "comment": "एका मुलाच्या उदाहरणावरून सगळ्यांसाठी बंदी का, ते सांग."}
```

शेरा वाक्यावरच असेल तेव्हा `place` मध्ये `on` येतं. क्रमांक असताना अवतरण कशाला, असं वाटेल. पण क्रमांक चुकला तर तो चुकलाय हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. दोन्ही मागितले की एकाने दुसरं पडताळता येतं. विद्यार्थ्याला मात्र मॉडेलचं अवतरण कधीही दाखवू नका. पडद्यावर रंगवायचं ते तुम्ही जपून ठेवलेलं मूळ वाक्य. कारण मॉडेल उद्धृत करताना कधीकधी शुद्धलेखन गुपचूप सुधारतं. विद्यार्थ्याने ‘परीणाम’ लिहिलेलं असतं, अवतरणात ‘परिणाम’ येतं, आणि शेरा नेमका शुद्धलेखनाचा असेल तर तो निरर्थक होतो.

पडताळणीत मराठीची स्वतःची एक गाठ आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे. युनिकोडचं नेहमीचं NFC सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. अदृश्य चिन्ह सरसकट काढलं तर ‘दुसर्या’ उरतं आणि जुळणी तेव्हाही फसते. म्हणून क्रम असा ठेवा:

```python
import unicodedata

def clean(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    return " ".join(s.split())
```

दोन्ही बाजू अशा स्वच्छ करून अवतरण त्या क्रमांकाच्या वाक्यात सापडतं का ते बघायचं. रिकामं अवतरण आधीच बाद करा, कारण रिकामी ओळ कुठल्याही वाक्यात ‘सापडते’. तंतोतंत जुळलं नाही, तर पायथनच्या `difflib` ने सर्व वाक्यांशी साम्य मोजा. त्याच वाक्याशी सर्वांत जास्त साम्य असेल, तर फरक बहुधा शुद्धलेखनाचा आहे आणि शेरा ठेवायला हरकत नाही. दुसऱ्याच वाक्याशी जास्त जुळत असेल, तर क्रमांक आपणहून बदलू नका, शेरा शिक्षकाकडे पाठवा. कशाशीच जुळत नसेल, तर ते वाक्य निबंधात नाहीच, शेरा टाकून द्या.

वाक्यं तोडतानाही जपा. ‘डॉ.’ किंवा ‘इ. स.’मधल्या टिंबावर वाक्य तुटलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तोडणी एकदाच करा, साठवून ठेवा आणि मॉडेल व पडदा दोघांनाही तीच प्रत द्या.

एवढं झाल्यावर शेरा योग्य जागी बसतो, पण तो बरोबर आहे असं नाही. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली चाचणी साधी आहे. वरच्याच उताऱ्यात वाक्य ७ नंतर एक वाक्य घाला: ‘त्याचा फोन वाजला की आमच्या गटातल्या सगळ्यांचंच काम थांबायचं.’ आता दुवा जोडला गेला, निदान निम्मा तरी. ७ आणि ८ च्या मधला शेरा नाहीसा व्हायला हवा किंवा बदलायला हवा, वाक्य ६ वरचा मात्र जसाच्या तसा राहायला हवा. मधला शेरा शब्द न बदलता तसाच परत आला, तर बॉट निबंध न वाचता निकषाचंच वाक्य फिरवून देतो आहे.

याच्या उलट चाचणीही करा. ज्यात शिक्षकांना काहीच खटकलं नाही असा उतारा द्या. अभिप्राय मागितला की मॉडेल काहीतरी शोधून काढतंच, म्हणून ‘या निकषावर सांगण्यासारखं काही नाही’ हे उत्तर सूचनेत स्पष्टपणे चालू द्या आणि ते खरंच येतं का ते बघा.

शेवटी शिक्षकांशी तुलना. दोन शिक्षकांना बॉटचं उत्तर न दाखवता त्याच निबंधांवर वाक्यनिहाय खुणा करायला सांगा. पुराव्याच्या निकषावर दोघांची बोटं बऱ्याचदा एकाच वाक्याकडे जातात. ‘ओघ’ किंवा ‘मांडणी’वर तसं होत नाही, कारण ते गुण एका वाक्यात मावतच नाहीत. तिथे बॉटकडून वाक्य मागू नका, परिच्छेद मागा. आणि परिच्छेदावरही दोन शिक्षकांचं जुळत नसेल, तर तो निकष बॉटच्या यादीतून काढून शिक्षकाकडेच राहू द्या. गुणही त्यांनीच द्यावेत असं माझं ठाम मत आहे: आकडा दिसला की विद्यार्थी वाक्य ६ कडे परत जात नाही.