संतापाच्या भरात लिहिलेले तक्रारपत्र : पाठवावे, रात्रभर ठेवावे की छाटावे? या चुका टाळा

छत गळू लागले की गृहनिर्माण संस्थेला पत्र लिहिले जाते, आणि ते बहुधा रात्री लिहिले जाते, कारण दिवसभर कामात विसरलेला थेंबांचा आवाज रात्री झोप लागू देत नाही. मी आमच्या संस्थेचा काही वर्षे सचिव होतो. त्या काळात अशी अनेक पत्रे माझ्या हातात पडली, आणि पद सोडल्यावर शेजारी अशी पत्रे पाठवण्याआधी मला दाखवू लागले. पत्रात राग किती आहे यावरून ते पाठवण्यायोग्य आहे की नाही हे ठरत नाही, असे माझे मत या दोन्ही अनुभवांतून झाले आहे. ते वाचणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करू शकेल, हे पत्रात सापडते का, यावर ते ठरते.

एका जुलै महिन्यात वरच्या मजल्यावरील एक सभासद बाई रात्री साडेदहाला तीन पाने घेऊन आल्या. "काका, हे आत्ताच सगळ्यांच्या ग्रुपवर टाकते, नाहीतर उद्या माझाच धीर सुटेल," असे त्या म्हणाल्या. त्यांनी १२ जूनला आणि २८ जूनला लेखी तक्रार केली होती, दोन्ही वेळा उत्तर आले नव्हते, आणि त्यांचा राग पूर्णपणे रास्त होता.

पहिली चूक : संपूर्ण पत्राचा एकच निर्णय करणे

मी त्यांना एवढेच सुचवले की, ज्या वाक्यात समितीने काही करावे असे म्हटले आहे त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. तीन पानांत दोनच रेघा निघाल्या. एक "ताबडतोब गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून द्या" या वाक्याखाली होती आणि दुसरी "जमत नसेल तर सगळ्यांनी राजीनामे द्या" या वाक्याखाली. उरलेल्या मजकुरात खुर्चीच्या हव्यासाचा उल्लेख होता, सणाच्या वर्गणीची जुनी आठवण होती आणि गेल्या वर्षीच्या गच्चीच्या कामात कोणी तरी पैसे खाल्ल्याचा आरोप होता. दुसऱ्या पानावर मात्र एका लांब वाक्याच्या पोटात "पाणी आता पंख्याच्या हुकापाशी येऊ लागले आहे आणि दिवा लुकलुकतो" असे शब्द दडलेले होते.

त्या तीन पानांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती रात्रभर थांबण्यासारखी नव्हती. राग आला असताना काही लिहू नये हा सल्ला सगळ्यांना ठाऊक असतो, परंतु तो सरसकट पाळला तर अशी तातडीची बाबही रागाबरोबर सकाळपर्यंत पडून राहते. म्हणून एका मसुद्याचे तीन भाग करावे लागतात : आत्ता पाठवायचा, रात्रभर ठेवायचा आणि काढून टाकायचा. आम्ही आधी त्या खोलीच्या विजेचा एमसीबी बंद केला आणि मग सचिवांना फोन करून लगेच संदेश पाठवला : "आमच्या बैठकीच्या खोलीत पंख्याच्या जागेतून पाणी येत आहे. त्या खोलीची वीज बंद केली आहे. सकाळी इलेक्ट्रिशियनला पाठवावे आणि गच्चीवरील पाणी निघून जाण्याची जाळी साफ करून घ्यावी." यात रागाचा एक शब्द नव्हता. बाईंचा राग अजिबात ओसरलेला नव्हता, पण या संदेशात त्याला काही काम नव्हते.

जिथे मुदत संपत असते तिथेही रात्र काढणे परवडत नाही. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर रेरा कायद्यातील कलम १४ प्रमाणे त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. ती पाच वर्षे पुढच्या आठवड्यात पूर्ण होत असतील, तर सुबक भाषेपेक्षा पत्र वेळेत पोहोचणे मोलाचे ठरते.

दुसरी चूक : जे होऊ शकत नाही ते मागणे

रेघ ओढलेली पहिली मागणी बरोबर वाटते, परंतु जुलैमध्ये ती पुरी होणे अशक्य होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला पावसाची उघडीप लागते. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर देऊन केलेला ब्रिकबॅट कोबा असो की वरून लावायचा लेप, भर पावसात केलेले काम धरत नाही. ज्या समितीला उत्तर टाळायचे असते तिला असे वाक्य सोयीचे पडते, कारण "पावसाळ्यात हे काम करता येत नाही" एवढे लिहून ती मोकळी होते, आणि ते उत्तर खरेही असते. मी सचिव असताना अशी उत्तरे समितीच्या वतीने लिहिली आहेत, आणि त्यातून सभासदाचे काहीही भले झाले नाही.

जुलैमध्ये होण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात : गच्चीवर ताडपत्री टाकणे, पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांची तोंडे मोकळी करणे, जिथे पाणी साचते ती जागा पाहून टिपून ठेवणे, आणि पावसाळा संपल्यावर करायच्या कामाचा ठराव आताच करून ठेवणे. रागाच्या मसुद्यात या गोष्टी जवळजवळ कधीच नसतात. त्या सुचत नसतील तर मसुदा अजून पाठवण्यायोग्य झालेला नाही, मग त्याची भाषा कितीही सभ्य असो.

तिसरी चूक : आरोप आणि तक्रार एकाच पाकिटात घालणे

पैसे खाल्ल्याचे वाक्य मात्र रात्रभर ठेवायचे ठरले. त्यामागे फक्त सौजन्याचा विचार नव्हता. पुराव्याशिवाय एखाद्या व्यक्तीवर असा आरोप सगळ्या सभासदांच्या ग्रुपवर केला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामीच्या व्याख्येत बसू शकतो. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला त्याच कलमात अपवाद आहे, पण इमारतीचा ग्रुप म्हणजे असा अधिकारी नव्हे. शिवाय व्यवहारातली अडचण अशी की, आरोप वाचल्यावर समिती गळतीविषयी बोलतच नाही, ती आपल्या अब्रूविषयी बोलू लागते आणि पुढचे दोन महिने त्यातच जातात.

सकाळी बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना विचारले की, यातले तुम्हाला स्वतःला माहीत असलेले काय आहे. त्यांना एवढेच ठाऊक होते की गेल्या वर्षी काम झाले आणि या वर्षी तिथेच गळती सुरू झाली. वॉटरप्रूफिंगचे ठेकेदार बहुतेक वेळा काही वर्षांची हमी लिहून देतात, म्हणून खरा प्रश्न तिथे होता : हमीपत्र आहे का, आणि ठेकेदाराला बोलावले का? ज्या बैठकीत ते काम मंजूर झाले तिचे इतिवृत्त पाहण्याचा अधिकार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने सभासदाला दिलेला आहे. रात्रीचा आरोप सकाळी दोन ओळींची मागणी झाला, आणि त्या दोन ओळींना समितीकडून कागद दाखवूनच उत्तर देता येण्यासारखे होते.

रात्र गेली म्हणजे राग निवला असे गृहीत धरू नये. सकाळी मसुदा हाती घेतल्यावर तो लांबत चालला, नवे प्रसंग आठवून त्यात भर पडू लागली, तर तो अजून गरम आहे असे समजावे. "कृपया" आणि "विनम्र" असे शब्द आले आणि वाक्य तेच राहिले, तरीही तो निवलेला नसतो. "आपण फार कार्यमग्न असाल, त्यामुळे आमच्यासारख्यांकडे लक्ष देणे जमले नसेल" यासारखे वाक्य तर उघड रागापेक्षा जास्त झोंबते, आणि त्यातून मागणी काहीच होत नाही. असे वाक्य दिसले की मऊ करण्याच्या भानगडीत न पडता सरळ खोडावे.

चौथी चूक : छाटताना तारखा कापणे आणि टोमणे ठेवणे

लांब पत्र लहान करताना माणूस आधी रुक्ष भाग काढतो, म्हणजे तारखा, खोलीचे नाव, आधीच्या पत्रांचा उल्लेख, आणि जे मनापासून लिहिले ते ठेवतो. हे उलट व्हायला हवे. बाईंच्या तीन पानांचे शेवटी असे पत्र झाले :

"आमच्या सदनिकेत बैठकीच्या खोलीचे छत ८ जूनपासून गळत आहे. याविषयी मी १२ जून आणि २८ जून रोजी लेखी तक्रार केली. दोन्हींना उत्तर मिळालेले नाही, याबद्दल माझी तीव्र नाराजी मी नोंदवत आहे. आता पाणी पंख्याच्या हुकापर्यंत आले असून त्या खोलीची वीज बंद ठेवावी लागत आहे. येत्या रविवारपर्यंत गच्चीच्या त्या भागावर ताडपत्री टाकावी. पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीचा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा आणि झालेला निर्णय मला लेखी कळवावा. गेल्या वर्षीच्या कामाचे हमीपत्र आणि ते काम मंजूर करणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त मला पाहायला मिळावे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावयाची आहे."

रागाचे एक वाक्य यात मुद्दाम ठेवले आहे. दोन पत्रांना उत्तर न देणाऱ्या समितीला तिसरे पत्र अगदी कोरडे गेले, तर सभासदाला त्याचे फारसे काही वाटलेले नाही असा अर्थ काढला जातो. हे वाक्य तारखांच्या लगेच मागे येते, म्हणून वाचणाऱ्याला नाराजीचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी मात्र गळती खरोखर गच्चीतूनच आहे याची खात्री करावी लागते, कारण वर दुसरी सदनिका असेल आणि पाणी तिच्या न्हाणीघरातून झिरपत असेल, तर त्या दुरुस्तीचा खर्च त्या सभासदाकडे जातो आणि हे वाक्य चुकीचे ठरते. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत गळती कमी झाली, तर कल गच्चीकडे आहे असे मानता येते. कोरड्या दिवसांतही ती तेवढीच राहिली, तर आधी नळाचे किंवा सांडपाण्याचे पाइप तपासावेत.

पाठवण्याविषयी दोन गोष्टी सांगतो. ई-मेल लिहिताना पत्ता सर्वांत शेवटी भरावा, कारण जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घेण्याची सोय फार तर तीस सेकंदांची असते आणि ग्रुपवरचा संदेश पुसण्याआधी कोणी तरी तो वाचलेला असतो. आणि असे पत्र शक्यतो दोन प्रतींत कार्यालयात नेऊन द्यावे आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन पोच ठेवावी. बाईंनी आधीची दोन्ही पत्रे वॉचमनच्या हाती दिली होती आणि त्यांच्याकडे एकाही पत्राची पोच नव्हती. म्हणून तिसऱ्या पत्राला त्या दोन्ही पत्रांच्या छायाप्रती जोडून त्या स्वतः कार्यालय उघडण्याच्या वेळी गेल्या. शुक्रवारी गच्चीवर ताडपत्री आली. हमीपत्र सापडायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन वर्षांचे निघाले.