बंक, बॅक की बँक?

नाशिकच्या एका पतसंस्थेच्या जुन्या अहवालाचं अंधुक स्कॅन टाइप करताना शिरोरेषेवरची प्रत्येक खूण नुसता ठिपका दिसते.

१. पान चौपट मोठं करून त्यावरच खात्रीचे नमुने शोधा: ‘संस्था’तला अनुस्वार, ‘मॅनेजर’मधला अर्धचंद्र.

२. अडलेली खूण त्यांच्याशी ताडा. अनुस्वार जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, अर्धचंद्र आडवा पसरतो. चंद्रबिंदू पसरतो आणि उंचही होतो. तो असेल तर शब्द ‘बँक’.

३. छपाई १९६२च्या आधीची असेल, तर ‘तें’, ‘नाहीं’ यांतला मात्रा-वेलांटीला चिकटलेला ठिपका शाईचा डाग समजून उडवू नका; तो तेव्हाच्या लेखनातला अनुस्वार असतो.

एक सांभाळा: ‘बँक’ लिहिताना ँ हे एकच चिन्ह वापरा. ॅ आणि ं जोडलं तर दिसतं जवळपास तसंच, पण शोधताना शब्द सापडत नाही.