बॅकअप किती वेळाने? आधी दोन आकडे ठरवा

औषधांच्या घाऊक दुकानाचं उदाहरण घेऊ. दहा तासांत 90 बिलं होतात, म्हणजे तासाला 9. कॉम्प्युटर बंद पडला तर गेलेली बिलं छापील प्रतींवरून पुन्हा टाकावी लागतील, एका बिलाला साधारण 3 मिनिटं. मालकाला विचारा, "संध्याकाळी किती वेळ बसून हे करायची तयारी आहे?" उत्तर एक तास असेल, तर 20 बिलं, म्हणजे जेमतेम दोन तासांचा धंदा. हा झाला आरपीओ, किती वेळाची माहिती गेली तरी चालेल तो आकडा. रात्री एकदाच घेतलेला बॅकअप इथे पुरत नाही. बॅकअपला स्वतःला 20 मिनिटं लागत असतील तर तीही धरा आणि तो दर दीड तासाने लावा.

दुसरा आकडा आरटीओ, बिलिंग पुन्हा सुरू व्हायला जास्तीत जास्त किती वेळ चालेल तो. हातबिलांवर तीन तास निभावतं असं समजू. पण डेटा 40 जीबी आणि इंटरनेट 20 एमबीपीएस असेल, तर क्लाउडवरून नुसता उतरवायलाच साडेचार तास जातात! इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. म्हणून एक प्रत दुकानातल्या वेगळ्या डिस्कवर हवीच. क्लाउडची प्रत आग-चोरीसाठी, आणि त्या प्रसंगी तीन तासांचं बंधन पाळता येणार नाही हे मालकाला आधीच सांगा.

एका रविवारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून घड्याळ लावा. सॉफ्टवेअर आणि त्याचं लायसन्स चढवायचा वेळही त्यात मोजा.