३६० अंशांच्या व्हिडिओतून सपाट क्लिप काढताना या चुका टाळा

रंकाळ्याच्या चौपाटीवर काठीच्या टोकाला ३६० अंशांचा कॅमेरा लावून चित्रण केले, तर तलावाचे पाणी, पलीकडचा शालिनी पॅलेस, कठडा आणि भेळेच्या गाड्या असे सगळेच एका फाईलमध्ये येते. त्यातली हवी तेवढी बाजू, म्हणजे खिडकी, निवडून नेहमीसारखी सपाट क्लिप काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या खिडकीच्या कोनाशी निगडित असतात. येथे ५७६० बाय २८८० पिक्सेलची, दोन्ही लेन्सची चित्रे आधीच जोडलेली फाईल गृहीत धरली आहे.

पहिली चूक म्हणजे या फाईलवर साधी क्रॉपची चौकट लावणे. जगाच्या नकाशाप्रमाणे येथेही गोल पसरून आयत केलेला असतो, त्यामुळे नुसत्या क्रॉपमध्ये जवळचा कठडा कमानीसारखा वाकलेला दिसतो. सरळ रेषा सरळ राहण्यासाठी प्रक्षेपणच बदलावे लागते. एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी ते काम `v360` हा फिल्टर करतो:

```
ffmpeg -i rankala_360.mp4 -vf "v360=input=e:output=flat:yaw=35:pitch=0:h_fov=90:v_fov=58.7:w=1920:h=1080:interp=lanczos" -c:v libx264 -crf 18 -c:a copy rankala_flat.mp4
```

यातील ५८.७ हा आकडा अनेकांना खटकतो आणि ते तेथे ९० किंवा ५० असा पूर्णांक लिहून टाकतात. आडवा आणि उभा कोन १६:९ या प्रमाणात नसतात. त्या कोनांच्या अर्ध्याचे टॅन्जंट त्या प्रमाणात असतात. दोन्ही कोन ९० ठेवले, तर चित्र आडवे जवळपास पावणेदोन पट ताणले जाते आणि भेळगाडीचे गोल चाक लंबगोल होते. ही चूक ओळखायला चाकासारखी गोल वस्तू पाहणे हा सर्वात सोपा उपाय आहे. रीलसाठी उभी क्लिप हवी असेल, तर १०८० बाय १९२० लिहिताना कोनांचीही अदलाबदल करावी. ती विसरली की माणसे काठीसारखी बारीक आणि उंच दिसतात.

सर्वाधिक निराशा होते ती पॅलेस ‘जवळ’ आणण्याच्या प्रयत्नात. ५७६० पिक्सेल ३६० अंशांत वाटले की एका अंशाला फक्त १६ पिक्सेल येतात. त्या हिशेबाने ९० अंशांच्या खिडकीत साधारण १८३० पिक्सेल रुंदीचा खरा तपशील असतो, म्हणजे १९२० ची क्लिप जेमतेम निभावते. खिडकी ६० अंशांवर आणली की तो तपशील सुमारे १०६० पिक्सेलवर येतो आणि ४० अंशांवर जेमतेम ६७० वर. उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, त्यामुळे पॅलेसचा मनोरा मोठा दिसतो, पण धुरकट. अशा क्लिपवर शार्पनिंग चढवल्यास पाण्यावरचे कॉम्प्रेशनचे चौकोनच उठून दिसतात. माझ्या मते या फाईलमधून १९२० ची क्लिप काढताना ७५ अंशांच्या खाली जाऊ नये (त्यासाठी उभा कोन ४६.७), आणि पॅलेस खरोखर जवळून हवा असेल, तर कॅमेरा पलीकडच्या काठावर न्यावा.

उलट बाजूला, सगळे एकाच खिडकीत बसवण्यासाठी १२० अंश निवडले, तर डाव्या-उजव्या कडेची माणसे उंचीच्या मानाने दुप्पट रुंद होतात. ९० अंशांतही कडेला हा परिणाम असतोच, म्हणून चेहरे मध्याजवळ ठेवावेत.

आता तिरपेपणा. काठी थोडी कलली असेल, तर मूळ आयताकृती फ्रेममध्ये पलीकडचा काठ सरळ न दिसता लाटेसारखा वर-खाली होतो. लाटेचा माथा मध्यरेषेपासून ८० पिक्सेल वर असेल, तर कल ५ अंशांचा समजावा. बरेच जण सपाट खिडकीलाच `roll` देऊन काठ सरळ करतात. ती दुरुस्ती त्या एका दिशेपुरतीच टिकते आणि दृश्य पॅलेसकडून संध्यामठाकडे फिरवले की पाणी पुन्हा एका बाजूला ओतल्यासारखे दिसते. त्यामुळे आधी संपूर्ण गोल समतल करावा, शक्यतो चित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, आणि मगच खिडकी निवडावी. `v360` ने तेच करायचे असेल, तर आधी `e` मधून `e` मध्ये, म्हणजे पसरलेल्या आयतातून तशाच आयतात, फिरवून मग `flat` करावे लागते. दोनदा फेरगणना झाल्याने तपशील किंचित मऊ होतो.

संपादन सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम देऊन दृश्य फिरवताना १७० वरून −१७० असे लिहिले, तर २० अंशांऐवजी ३४० अंशांची उलटी गिरकी मिळू शकते. दुसऱ्या कीफ्रेमला १९० लिहिल्यास दृश्य जवळच्या बाजूने वळते.